आपल्या समाजमंदिराची चित्रं: ग्रामस्थांसमोरचं निवेदन

नमस्कार मंडळी. सरपंच ताई, ग्रामपंचायतीचे सदस्य, वाडीतल्या सगळ्या माता-भगिनी, आणि सुट्टीला आलेली मुंबईकर मंडळी. मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे या, बाकं रिकामी आहेत. लाइट गेली तरी प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर आहे, चित्रं सगळी बघून होतील.

चित्रं दाखवण्याआधी एक गोष्ट सांगते. आता तुम्ही जे बघणार आहात ते फोटो नाहीत. कॉम्प्युटरवर बांधलेल्या इमारतीची ही चित्रं आहेत, आमच्या भाषेत रेंडर. त्यांतलं काही शंभर टक्के खरं आहे आणि काही दिसायला बरं म्हणून येतं. कुठलं खरं आणि कुठलं नाही, ते तुम्हाला माहीत असल्याशिवाय तुमच्याकडून होकार घेणं मला पटत नाही. पैसा गावाचा आहे, आणि वापरायचं तुम्हाला आहे.

हे पहिलं चित्र. रस्त्यावरून दिसणारं समाजमंदिर, सकाळी नऊ वाजता. मधला हॉल ६० फूट लांब, ४० फूट रुंद. पुढे आणि दोन्ही बाजूंना १० फुटांची पडवी. मागे स्वयंपाकघर, भांड्यांची खोली, संडास-बाथरूम. भिंती जांभ्याच्या, वर चौपाखी कौलारू छप्पर. यातली मापं खरी आहेत. सावल्याही खऱ्या आहेत, कारण आपल्या गावचे अक्षांश, तारीख आणि वेळ घालूनच सूर्य बसवलाय. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता पश्चिमेच्या पडवीत ऊन कुठपर्यंत येईल ते दुसऱ्या चित्रात दिसेल. पडवीची कड जमिनीपासून ८ फुटांवर ठेवली आहे ती त्याचसाठी. उंच ठेवली असती तर इमारत चित्रात जास्त रुबाबदार दिसली असती, पण तिरपं ऊन आणि तिरपा पाऊस दोन्ही थेट दारापर्यंत आले असते.

आता खरं काय नाही ते. चिऱ्याचा रंग. खाणीतून काढलेला चिरा असा तांबडा असतो. जिथे पाऊस लागेल तिथे दोन-तीन पावसाळ्यांत तो काळपट होणार, जोत्यावर शेवाळ धरणार. भिंतींना पडवीचा आडोसा आहे म्हणून त्या बऱ्यापैकी टिकतील, पण मागची बाजू अशी दिसणार नाही. आवारातली हिरवळही खरी नाही, उन्हाळ्यात तिथे लाल मातीच असेल. झाडं मात्र खरी आहेत. रेंडर करणाऱ्या मुलाने आधी मोठमोठी शोभेची झाडं लावली होती, ती मी काढायला लावली. आता दिसतोय तो आपला फणस आणि त्या दोन नारळी, आहेत तिथेच. फणस वाचवायचा म्हणून इमारत पूर्वेला सरकवली आहे.

हे आतलं चित्र. हे बघून प्रत्येकाच्या तोंडून निघतं, "बापरे, केवढा मोठा!" तेवढा मोठा तो नाही. कोपऱ्यात उभं राहून रुंद लेन्सने बघितलं की ६० फुटांचा हॉल ८० फुटांचा भासतो. म्हणून या चित्रात मी पंगत मांडून घेतली. मोजा हवं तर. ८ ओळी, एका ओळीत २५ पानं, म्हणजे एका वेळी २०० माणसं जेवतील आणि वाढप्यांना ओळींमधून चालता येईल. यापेक्षा मोठी पंगत असली तर उरलेली पडवीत. खुर्च्या मांडल्या तर २५० लोक दाटीवाटी न करता बसतील. पाचशेच्या लग्नासाठी हा हॉल नाही, तेव्हा पुढच्या अंगणात मांडव घालावाच लागेल. त्यासाठी अंगणात खांब रोवायच्या जागा पक्क्या करून ठेवतोय, म्हणजे दर वेळी फरशी फोडावी लागणार नाही.

फरशीकडे बघा. पाण्यासारखी चमकतेय, छप्पर तिच्यात दिसतंय. ही चमक कॉम्प्युटरची. आपण खरबरीत कोटा घालणार आहोत. गणपतीत आरतीला भर पावसातून ओल्या पायांनी माणसं येतात, जाखडीला पोरं फेर धरून नाचतात, म्हातारी माणसं हात धरून चालतात. तिथे गुळगुळीत टाइल्स घातल्या तर पहिल्याच वर्षी कोणाचं तरी हाड मोडेल. कोटा मळखाऊ दिसतो, पण पाय धरून ठेवतो.

आता छपराबद्दल. इथे मी जास्त वेळ घेणार आहे. स्लॅब का नाही, हे मला गावात येता-जाता विचारलं गेलंय, आणि प्रश्न रास्त आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या श्रीवर्धन तालुक्यातच किनाऱ्यावर चढलं. त्या दिवशी जुन्या समाजमंदिराचे पत्रे कुठे जाऊन पडले ते तुम्हीच मला दाखवलंत. रोठा सुपारीच्या बागा आडव्या झालेल्या तुम्ही पाहिल्यात. त्यानंतर माणसाला वाटणारच की डोक्यावर काँक्रीट असावं.

पण ते पत्रे का उडाले, ते बघू. वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा छपराला वर ओढतो. त्याच वेळी दारं-खिडक्या फुटून वारा आत शिरला की तो छपराला खालून ढकलतो. खालून ढकल आणि वरून ओढ, दोन्ही एकदम लागलं की छप्पर जिथे सगळ्यात कच्चं बांधलेलं असतं तिथून सुटतं. जुन्या हॉलचा उतार अगदी कमी होता आणि पडवीचा पत्रा मुख्य छपराला जोडलेला होता. आधी पडवी उचलली, आणि ती जाताना मुख्य छप्पर घेऊन गेली.

नवीन छप्पर म्हणून चौपाखी आहे. चारही बाजूंनी उतार असला की वाऱ्याला धरायला सरळ भिंतीचा त्रिकोण मिळत नाही. दुपाखीपेक्षा ते वादळात चांगलं टिकतं, आपल्या जुन्या घरांनी ते दाखवलेलंच आहे. उतारही चांगला ठेवलाय. पडवीचं छप्पर या चित्रात मुख्य छपराला चिकटलेलं दिसतं, पण त्याचा सांगाडा पूर्ण वेगळा आहे. उद्या पडवी गेली तरी हॉल उघडा पडणार नाही. कौलं कडेच्या ओळींत तारेने बांधायची, लोखंडी कैच्या भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात बोल्टने पकडायच्या, आणि तो पट्टा खांबांतून पायापर्यंत बांधलेला. चित्रात यातलं काहीच दिसत नाही. पण बांधकाम सुरू झाल्यावर गावातल्या दोन-तीन जाणत्यांनी हेच तपासायचं आहे, रंग नाही.

आणि स्लॅब आपण घेतलाय, पण मागच्या भागात. स्वयंपाकघर आणि भांड्यांची खोली, मिळून ६०० चौरस फूट, तिथे वर काँक्रीट आहे. वादळाचा इशारा आला तर ज्यांची घरं कच्ची आहेत त्यांनी तिथे यायचं. तिथेच पाणी आहे, संडास आहे, चूल आहे. पूर्ण हॉलवर स्लॅब घातला तर दिवसभर तापून तो संध्याकाळी, नेमका कार्यक्रमाच्या वेळी, उष्णता खाली सोडतो. शिवाय आपल्याकडच्या पावसात तो आज ना उद्या झिरपतो. गावात ज्यांचे स्लॅब आहेत त्यांतल्या किती जणांनी वर पुन्हा पत्रा घातलाय, ते येताना बघत आले मी.

हे चित्र जुलैतलं. क्लायंटला सहसा पावसाचं चित्र कोणी दाखवत नाही, पण आपला हॉल चार महिने याच हवेत उभा राहणार. पाऊस नैऋत्येकडून येतोय. पडवीचा बाहेरचा अर्धा भाग भिजलाय, तो तसाच भिजणार. आतला पाच फूट कोरडा राहील, चपला आणि छत्र्या तिथे. जोतं रस्त्यापासून अडीच फूट वर आहे. चढायला पायऱ्या आहेत आणि बाजूने ३० फुटांचा उतार, म्हणजे चाकाची खुर्ची कोणाच्या मदतीशिवायही वर नेता येईल. त्या उताराला जागा फार लागते, मला कल्पना आहे. तो आखूड करा असं कृपा करून सांगू नका. आखूड केला की तो नुसता दिसायला उरतो.

या छपरावरून दर पावसाळ्यात दहा लाख लिटरच्या वर पाणी उतरेल. तीन हजार मिलिमीटर पाऊस धरून केलेला हा हिशोब आहे, आणि आपल्याकडे तेवढा होतोच. २० हजार लिटरची टाकी मागे जमिनीखाली आहे, बाकीचं पाणी गाळून शाळेच्या विहिरीकडे सोडायचं आहे. एप्रिल-मेमध्ये टँकर सांगणाऱ्या गावाने एवढं पाणी गटारात घालवू नये.

शिमग्याचं एक राहिलं. मधल्या पायऱ्या १२ फूट रुंद आहेत आणि समोरच्या दोन खांबांमध्ये तेवढंच मोकळं अंतर आहे. पालखी खांद्यावर नाचवत आणली तर तिथून आत येईल का, त्या ठिकाणी कड ८ फुटांवर चालेल का, हे मला मानकऱ्यांकडून ऐकायचं आहे. लागलं तर मधला भाग उचलून घेऊ. आत्ता कागदावर आहे तोवर ते सोपं आहे.

खर्च. आजच्या दराने अंदाजे ७८ लाख. त्यातले ६० हॉल आणि मागच्या खोल्यांचे, १८ पडवीचे. टाकी आणि कंपाउंड यात धरलेलं नाही. पैसे कमी पडले तर हॉल आधी आणि बाजूच्या पडव्या पुढच्या वर्षी, असं करता येतं. छपराचं लोखंड बारीक करून पैसे वाचवायला मात्र मी तयार नाही. दिवाळीनंतर पाया घेतला तर पुढच्या मृगाआधी कौलं चढतील. ग्रामसभेचा ठराव त्याआधी हवा.

उद्या सकाळी सात वाजता जागेवर चुन्याने खऱ्या मापाची आखणी करतोय. चित्रात काहीही दिसो, तुम्ही त्या रेघांच्या आत चालून बघा. पंगतीला बसून बघा. स्वयंपाकघराचं दार कुठे आहे तिथे उभं राहून बघा की भाताचं पातेलं दोघांनी धरून बाहेर काढता येतंय का. नाही आलं तर रेघ तिथल्या तिथे पुसू.

आता प्रश्न. पहिला माइक मागच्या बाजूला, महिला मंडळाकडे द्या. स्वयंपाकघराचं चित्र पुन्हा लावते. ओटा कुठे हवा, पाण्याचा नळ आत हवा की बाहेर, खरकटं कुठून जाणार, ते आधी बोलू.