ओटीपी, वायफाय आणि कॅमेऱ्यांची किल्ली: सर्वसाधारण सभेतलं निवेदन

अध्यक्ष महोदय, समिती सदस्य आणि सभासद बंधू-भगिनींनो, नमस्कार.

अजेंड्यावर विषय क्रमांक सात असा छापला आहे: ‘सायबर सुरक्षा’. नाव भारदस्त असलं तरी मला बोलायचंय ते आपल्या रोजच्या तीन गोष्टींबद्दल. फोनवर येणारा ओटीपी, सोसायटी ऑफिसचा वायफाय आणि जिन्यातले कॅमेरे. या तिन्हींची किल्ली आज कुणाकुणाकडे आहे, हे आपल्यापैकी कुणालाच सांगता येणार नाही. आजचं माझं म्हणणं एवढंच आहे.

आधी ओटीपी. ‘कुणाला सांगू नका’ हे सगळ्यांना पाठ आहे, तरीही माणसं फसतात. कारण आता समोरचा ओटीपी मागतच नाही. बी विंगमधल्या एका काकूंना आलेला फोन त्यांच्या परवानगीने सांगते. ‘तुमचं पार्सल आलंय, पत्ता सापडत नाहीये. डिलिव्हरीवाल्याचा नंबर मेसेज करतो, तो आहे तसा डायल करा.’ त्या नंबराच्या आधी स्टार, एकवीस, स्टार असं होतं. ते डायल केलं की तुमचे कॉल त्या दहा आकडी नंबरावर वळतात. मग तो भामटा त्याच्या फोनवर तुमच्या नंबराचं व्हॉट्सअॅप उघडतो, ‘कोड कॉल करून सांगा’ हा पर्याय निवडतो, आणि तो कॉल त्यालाच जातो. तुम्ही एक आकडाही सांगितलेला नसतो. काकूंनी डायल करण्याआधी मुलाला विचारलं, म्हणून वाचल्या.

असं काही डायल झालं असेल तर ##002# डायल करा, वळवलेले सगळे कॉल बंद होतात. व्हॉट्सअॅपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. मग नुसता कोड मिळूनही दुसऱ्याला तुमचं खातं उघडता येत नाही, तुमचा सहा आकडी पिनही लागतो.

दुसरा प्रकार एपीकेचा, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणाऱ्या फाइलचा. ‘गाडीचं चलन’, ‘लग्नाची पत्रिका’, ‘आज रात्री वीज तोडणार’ अशा नावाने फाइल येते. ती इन्स्टॉल करून परवानग्या दिल्या की तुमचे एसएमएस ती स्वतः वाचते. पत्रिका कधी एपीके नसते. फाइलच्या नावाच्या शेवटी .apk दिसलं की उघडू नका, मग ती सख्ख्या भावाच्या नंबरावरून आलेली का असेना. त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

आणि एक सवय लावून घ्या. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा. आपण नुसते आकडे बघतो. पण बँकेच्या मेसेजमध्ये बहुतेक वेळा रक्कम आणि पैसे कुठे जाणार ते लिहिलेलं असतं. पार्सलवाल्याला दारात ओटीपी द्यावा लागतो, त्यात गैर काही नाही. पण पार्सल हातात आल्यावर, आणि मेसेज त्याच पार्सलचा आहे हे बघून. यूपीआयचा पिन तर पैसे घ्यायला कधी लागतच नाही. पैसे घेण्यासाठी पिन टाका म्हणणारा खोटाच.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० ला, पाठोपाठ आपल्या बँकेला. घरात सांगायचं की नाही, लोक काय म्हणतील, हा विचार नंतर. फसवणुकीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवले जातात. ते वाटेत गोठवता येतात, पण त्यासाठी मिनिटं मोजावी लागतात. व्यवहाराचा नंबर, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. लेखी तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेच्या माथी असतं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. ज्येष्ठांना माझी कळकळीची विनंती आहे, फसलात तर लपवू नका. तुमच्यावर कुणी हसणार नाही, आणि हसलं तर मला सांगा.

आता वायफाय. घरचं थोडक्यात सांगते: राउटरबरोबर आलेला अॅडमिन पासवर्ड बदला, पासवर्डशिवाय फोन जोडून देणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद करा, फ्लॅट नंबर किंवा मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवू नका. भाडेकरू सोडून गेले की पासवर्ड बदला. तुमच्या कनेक्शनवरून कुणी काही उद्योग केला, तर चौकशी कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्याकडेच येते.

सोसायटी ऑफिसची गोष्ट जास्त गंभीर आहे. तिथला पासवर्ड फळ्यावर लिहिलेला आहे. रंगकामाचे कंत्राटदार, लिफ्टवाले, ऑडिटर, बदलून गेलेले वॉचमन, सगळ्यांच्या फोनमध्ये तो आहे. आणि कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर त्याच राउटरला जोडलेला आहे. म्हणजे गेटबाहेर उभं राहून वायफायला जोडलेला माणूस डीव्हीआरच्या लॉगिनपर्यंत पोहोचतो.

त्या लॉगिनबद्दल सांगते. आपल्याकडे सोळा कॅमेरे आणि ‘admin’ नावाचं एकच लॉगिन. आधीच्या दोन समित्या, कॅमेरे बसवणारा तंत्रज्ञ, जुन्या सिक्युरिटीचा सुपरवायझर, सगळे तेच वापरत आले. गेल्या महिन्यात जिन्यात बोलत उभ्या असलेल्या आपल्या दोन मुलांची क्लिप ग्रुपवर फिरली. ती कुणी काढली हे बघायला आम्ही डीव्हीआरची नोंद उघडली. तारीख होती, वेळ होती, आणि नाव ‘admin’. पुढे काही शोधताच आलं नाही. त्या दोघांतल्या मुलीने आठवडाभर लिफ्ट वापरली नाही, ती मागच्या जिन्याने ये-जा करत होती. कॅमेरे आपण तिच्या सुरक्षिततेसाठी बसवले होते.

कोणता फ्लॅट किती दिवस बंद आहे, कोणती आजी दुपारी एकटी असते, हे सगळं त्या फुटेजमधून कळतं. शिवाय अॅडमिनला रेकॉर्डिंग पुसताही येतं. उद्या चोरी झाली आणि नेमका तोच तास गायब असला, तर पोलिसांना काय दाखवणार?

फॅक्टरीतून आलेले पासवर्ड तसेच ठेवण्याचा धोका जगाने २०१६ मध्ये पाहिला आहे. मिराय नावाच्या व्हायरसने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या.

म्हणून मी पुढील ठराव मांडते. ऑफिसचा वायफाय पासवर्ड उद्या बदलावा, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क ठेवावं आणि डीव्हीआर त्यावर नसावा. डीव्हीआरचा अॅडमिन पासवर्ड बदलून पाकिटात सीलबंद करून तिजोरीत ठेवावा. मोबाइल अॅपवर जोडलेले जुने सगळे फोन काढून टाकावेत. सचिव, अध्यक्ष आणि सुपरवायझर यांना प्रत्येकी वेगळं लॉगिन द्यावं, सुपरवायझरला फक्त थेट चित्र दिसावं. फुटेजची प्रत लेखी अर्जावरच मिळावी, आणि कुणी, कधी, कशासाठी घेतली याची रजिस्टरमध्ये नोंद व्हावी. समिती, एजन्सी किंवा तंत्रज्ञ बदलला की त्याच दिवशी पासवर्ड बदलावा.

काही जण म्हणतील, सगळ्या सभासदांना मोबाइलवर कॅमेरे दिसायला हवेत, मेंटेनन्स आम्हीच भरतो. मागणी मला समजते, पण माझा तिला विरोध आहे. छप्पन्न घरांत एक लॉगिन वाटलं की पुढच्या क्लिपच्या वेळीही नोंदीत ‘admin’ एवढंच सापडेल.

ठरावाला अनुमोदन कोण देतंय? चर्चा आटोपली की मी इथेच टेबलापाशी बसते. व्हॉट्सअॅपचं टू-स्टेप ज्यांना चालू करायचंय त्यांनी फोन घेऊन या. पिन मात्र तुम्ही स्वतः टाकायचा, मी बघणार नाही.