हरवलेले पाच तुकडे

संदेशांना क्रमांक द्यायची पद्धत सार्थक आणि ऋचा यांनी तिचे यान मंगळाच्या कक्षेपलीकडे गेल्यावर सुरू केली. पुढे गुरूच्या जवळून जाताना एका प्रश्नाचे उत्तर यायला तासाहून अधिक वेळ लागू लागला आणि "हो, तसेच कर" हे उत्तर नेमके कोणत्या प्रश्नाचे, हे दोघांनाही कळेनासे झाले, तेव्हा या पद्धतीला आणखी दोन नियम जोडले गेले. ज्याचे उत्तर त्याच दिवशी हवे असा प्रश्न विचारायचा नाही, हा एक. आणि भांडायचे नाही, हा दुसरा. समोरच्याला आपला राग कळेपर्यंत तो आपल्यालाच उरत नाही आणि त्याने चिडून दिलेले उत्तर येते तेव्हा आपण भलत्याच आनंदात असतो, हा अनुभव दोघांनी एकदा घेतला होता.

यान 2072 मध्ये निघाले आणि 2078 च्या मध्यावर शनीच्या टायटन या उपग्रहाभोवती फिरू लागले. ऋचा भूवैज्ञानिक होती. जुन्नर तालुक्यातल्या बोरी गावाजवळ, कुकडी नदीच्या काठावर, ज्वालामुखीच्या फार जुन्या राखेचा थर सापडतो. त्याचे नमुने घ्यायला ती विद्यार्थिदशेत आली होती आणि पाणी मागायला ज्या शेतात शिरली, ते सार्थकचे होते. लग्नानंतर दोघांनी 2069 मध्ये नारायणगावजवळच्या त्या शेतात काळ्या द्राक्षांची बाग लावली. तिची, कलमे बांधायची डॉगरिज जातीची खुंटे ऋचाने स्वतः खड्ड्यांत धरली होती.

शेताच्या बांधावरून खोडदच्या रेडिओ दुर्बिणी दिसत. तिथल्या 30 तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, आणि ऋचाचा आवाज त्यांतूनच येतो असा गावाचा ठाम समज होता. सार्थकने तो खोडून काढायचा प्रयत्न कधीच सोडून दिला होता, कारण समज अगदीच निराधार नव्हता: 2016 मध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या एका युरोपीय यानाचा क्षीण संदेश खोडदनेच टिपला होता. ऋचाचे संदेश मात्र बंगळूरजवळच्या ब्यालालू येथील केंद्रात उतरत आणि तिथून घरी येत.

10 जानेवारी 2079 च्या पहाटे तिचा 408 क्रमांकाचा संदेश आला.

"सार्थक, मार्चमध्ये परत निघणाऱ्या यानात मी नसेन. क्राकेन सरोवराच्या काठावरच्या खोदकामाला दोन भूवैज्ञानिक लागतात आणि आमच्यापैकी एकाला प्रकृतीमुळे परतावेच लागणार आहे. पुढचे यान दोन वर्षांनी निघेल, म्हणजे मी 2085 ऐवजी 2087 मध्ये पोहोचेन. शनी सूर्याआड जाण्यापूर्वी नावांची यादी पृथ्वीवर पोहोचायला हवी होती, म्हणून आम्हाला दोनच तास दिले गेले. तुला विचारून तुझे उत्तर यायला तीन तास लागले असते. मी होकार कळवला आहे."

हिशेब खरा होता. शनी तेव्हा सूर्याच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे पृथ्वीपासून सर्वांत दूर होता आणि प्रकाशालाही एकेरी प्रवासाला सुमारे 92 मिनिटे लागत होती. वर्षातून एकदा, साधारण 378 दिवसांनी, पृथ्वी आणि शनी यांच्या मध्ये सूर्य येतो आणि त्याच्याभोवतीच्या तप्त वायूतून जाताना रेडिओ संदेश विस्कटतात. सूर्याला वळसा घालून संदेश नेणाऱ्या मधल्या उपग्रहाची योजना मंजूर झाली होती. ती मंजूरच राहिली होती.

सार्थकने दुसरा नियम मोडायचे ठरवले. दिवसभर बागेत हिंडून, मण्यांची फुगवण बघण्याचे निमित्त करून त्याने मनात वाक्ये जुळवली आणि 11 तारखेला लिखित संदेश पाठवला. आवाज पाठवण्याइतकी वाट तोवर उरलीच नव्हती. केंद्राने संदेशाचे 14 तुकडे केले आणि तीन तासांनी यानाकडून पोच आली: तिसरा, सहावा, सातवा, दहावा आणि तेरावा हे तुकडे वाचता आलेले नाहीत. आता केवळ यानाच्या प्रकृतीची माहिती येजा करील, कौटुंबिक संदेश पुन्हा पाठवता येणार नाही, असेही कळवण्यात आले.

त्याने संदेश छापून घेतला आणि पोहोचलेल्या भागाखाली पेन्सिलीने रेघ ओढली. त्याने लिहिले होते, "तू थांबायचे ठरवलेस, याबद्दल माझी तक्रार नाही. मला विचारावेसेही तुला वाटले नाही, याचा राग मला आयुष्यभर राहील." तिला मिळाले होते, "तू थांबायचे ठरवलेस, याचा राग मला आयुष्यभर राहील." पुढे त्याने लिहिले होते, "आणखी दोन वर्षे थांबणे मला जमेल, पण घरातली गोष्ट अशी यादीतून कळणे मला जमणार नाही." यातले मधले सगळे दहाव्या तुकड्यासोबत गेले होते आणि टायटनभोवती फिरणाऱ्या त्याच्या बायकोला नवऱ्याने इतकेच कळवले होते, की आणखी दोन वर्षे मला जमणार नाही. इतक्या नेटकेपणाने तुकडे हरवावेत, हे त्याला सूर्याचे काम वाटेना, कुणा तिऱ्हाईत नातेवाइकाचे वाटू लागले.

सहाव्या आणि सातव्या तुकड्यांखाली रेघ नव्हती, आणि तिथे मात्र त्याला, कबूल करायला लाज वाटावी असे, थोडे हायसे वाटले.

संक्रांत त्या बंद दिवसांतच आली. सार्थकच्या आईने तिळाच्या वड्या थापल्या आणि "सूनबाईला गोड बोल म्हणून कळवलेस का?" असे विचारले, तेव्हा त्याने सूर्य मध्ये आहे एवढेच सांगितले. याच तारखांशी ऋचाची एक आवडती हकिगत जोडलेली होती. 14 जानेवारी 2005 रोजी ह्युजेन्स हे यान टायटनवर उतरले, तेव्हा त्याची माहिती दोन वाहिन्यांवरून यायची होती. त्यांपैकी एका वाहिनीचे संदेश टिपणारे यंत्र सुरू करण्याची आज्ञाच द्यायची राहून गेली होती, आणि त्या वाहिनीवर विसंबलेले वाऱ्याचे मोजमाप पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणींनी तो संदेश परस्पर टिपला म्हणून वाचले. ऋचा ही हकिगत सांगताना आज्ञा विसरणाऱ्यांवर दर वेळी नव्याने चिडत असे. विसरणे आणि मुद्दाम न सांगणे यांत फरक असतो, असे सार्थकला आता वाटत होते, आणि तो फरक त्याच्या बाजूचा नव्हता.

19 तारखेला वाट मोकळी झाली आणि तिचा 409 क्रमांकाचा संदेश आला.

"सार्थक, तुझ्या संदेशातले पाच तुकडे मला मिळाले नाहीत. जे मिळाले ते वाचून मी पहिला दिवस रडले आणि दुसऱ्या दिवशी मला शंका आली, कारण 'आणखी दोन वर्षे' आणि 'मला जमणार नाही' ही वाक्ये तू एवढ्या सरळ लिहिणारा माणूस नाहीस. तू मध्ये एक 'पण' घालतोसच. म्हणून रिकाम्या जागा मी स्वतः भरल्या आहेत. तपासून पाहा.

तिसरी जागा: 'याला माझी हरकत नाही, पण विचारल्याशिवाय ठरवलेस.' हे बरोबर असेल, तर तुझे खरे आहे. उत्तर वेळेत येणार नव्हते, म्हणून मी प्रश्नच पाठवला नाही. उत्तर उशिरा आले असते, पण प्रश्न तर वेळेत निघाला असता. तो पाठवला असता आणि तू नाही म्हणाला असतास, तर तोवर होकार देऊन बसलेल्या मला तोंड दाखवायला जागा नव्हती. खरे कारण हे आहे, 92 मिनिटे नव्हे.

दहावी जागा: 'तुझ्याशिवाय काढणे जमेल, पण दुसऱ्याकडून कळणे.' तेरावी जागा: तू नेहमीप्रमाणे जेवणाचे विचारले असणार. जेवते आहे.

सहावी आणि सातवी जागा मला नीट जमली नाही. आधीचे वाक्य 'घरचेही तुला कळायला हवे' असे आहे आणि नंतरचे 'आता बदलता येणार नाही' असे. मी तिथे आईंचा गुडघा घातला आहे. शस्त्रक्रियेला त्यांनी नकार दिला असेल, तर त्यांचा हट्ट बदलता येत नाही हे मला ठाऊक आहे. बरोबर का?"

आईचा गुडघा खरोखरच दुखत होता आणि शस्त्रक्रियेला तिने खरोखरच नकार दिला होता. सार्थकने फक्त "बरोबर" असे कळवले असते, तर ते खोटे ठरले नसते. संध्याकाळी त्याने बागेतली मोटार बंद केली, हात धुतले आणि लिहायला बसला.

"क्रमांक 410. ऋचा, तिसरी आणि दहावी जागा तू माझ्यापेक्षा चांगली लिहिली आहेस. तेराव्या जागेत मी, आईला अजून काही सांगितलेले नाही, असे लिहिले होते. जेवणाचे विचारायचे राहून गेले. सहावी आणि सातवी जागा चूक आहे. तिथे असे होते: ऑक्टोबर छाटणीच्या वेळी मी आपल्या बागेतली दीड एकर द्राक्षे मुळासकट काढली आणि ती जमीन एका रोपवाटिकेला दहा वर्षांच्या कराराने दिली. डाऊनी रोगाने दोन हंगाम हातचे गेले होते आणि कर्ज वाढले होते. तुला कळवायला माझ्याकडे दोन तास नव्हते, तीन महिने होते. तुझ्या 408 क्रमांकाच्या संदेशानंतर तुझ्यावर रागावायला मिळाले, म्हणून मी ते त्याच संदेशात घातले. रागाच्या आडोशाने ते खपून जाईल असे वाटले होते. करारावर सही झाली आहे. आता बदलता येणार नाही, हे वाक्य त्याबद्दलचे होते, आईबद्दलचे नव्हे."

संदेश गेला तेव्हा सात वाजले होते. दहाच्या सुमारास उत्तर येऊ शकले असते, पण आले नाही. ते आले पहाटे चारला, म्हणजे मधले सहा तास ऋचाचे स्वतःचे होते.

"क्रमांक 411. ओळी कोणत्या काढल्यास, विहिरीकडच्या की रस्त्याकडच्या? विहिरीकडच्या असतील तर ठिबकची मुख्य नळी त्याच जमिनीतून जाते. उरलेल्या बागेला पाणी कुठून देणार आहेस, हे करारात लिहून घेतले आहे का? ऑक्टोबर 2078 पासून दहा वर्षे म्हणजे ऑक्टोबर 2088. मी ठरल्याप्रमाणे 2085 मध्ये परत आले असते, तरी तीन वर्षे त्या जमिनीत मला पाऊल टाकता आले नसते, आणि सही करताना हा हिशेब तू नक्की केला असशील. मला राग आला आहे. तो नीट लिहायला परवापर्यंतचा वेळ लागेल, कारण उद्या दिवसभर खोदकामाच्या यंत्राची चाचणी आहे. तोपर्यंत कराराच्या सगळ्या पानांची प्रत पाठव, मागच्या पानावरच्या बारीक अटींसकट, आणि आईंना माझ्या थांबण्याबद्दल आजच सांग. तू सांगितलेले त्यांना आवडणार नाही, पण गावातून कळलेले मुळीच आवडणार नाही."

सार्थकने कपाटातून करार काढला, पाने मोजली आणि आई उठली आहे का ते पाहायला स्वयंपाकघराकडे गेला.