रविवारचा सराव: x मोठा की y? (वर्गसमीकरणांची तुलना)

ग्रामपंचायत अभ्यासिका, दारव्हा तालुका. ग्रामीण बँकेच्या पूर्वपरीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी. वेळ: ५ मिनिटे. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. लाईट गेली तरी घड्याळ चालूच राहील.

सूचना: प्रत्येक प्रश्नात दोन समीकरणे आहेत. दोन्ही सोडवा आणि योग्य पर्याय निवडा.

(१) x > y
(२) x ≥ y
(३) x < y
(४) x ≤ y
(५) x = y किंवा संबंध ठरवता येत नाही

प्रश्न १. x² − 13x + 40 = 0 ; y² − 7y + 12 = 0

प्रश्न २. x² + 11x + 28 = 0 ; y² + 5y + 4 = 0

प्रश्न ३. 3x² − 10x + 8 = 0 ; 2y² − 9y + 9 = 0

प्रश्न ४. x² = 144 ; y = √144

प्रश्न ५. x² − 6x − 27 = 0 ; y² + 2y − 15 = 0

प्रश्न ६. 2x² + 17x + 35 = 0 ; 3y² + 10y + 8 = 0

पोट्टेहो, इथून खाली उत्तरं आहेत. आधी सोडवा, मग पाहा.

१. x = 5, 8 आणि y = 3, 4. लहानातला लहान x सुद्धा मोठ्यातल्या मोठ्या y पेक्षा मोठा. उत्तर (१). असा प्रश्न अर्ध्या मिनिटात उरकलाच पाहिजे, कारण पूर्वपरीक्षेत ४५ मिनिटांत ८० प्रश्न असतात.

२. 28 = 7 × 4, बेरीज 11. दोन्ही चिन्हं अधिक, म्हणून मुळं उणे: x = −7, −4. तसंच y = −4, −1. दर वेळी इथेच घोळ होतो, कारण 7 दिसला की पोरं त्याला मोठा म्हणून मोकळी होतात. सोसायटीचं सात हजार देणं असलेला चार हजारवाल्यापेक्षा वर असतो का? −7 हा −4 पेक्षा लहानच. आता चारही जोड्या लावा: −7 < −4, −7 < −1, −4 = −4, −4 < −1. एका जोडीत बरोबरी आली, बाकी सगळीकडे x लहान. उत्तर (४). बरोबरीची जोडी नजरेतून सुटली की (३) वर खूण होते आणि पाव गुण गेला.

३. मधल्या पदाची फोड: 3 × 8 = 24, म्हणून −6 आणि −4. आता 3 ने भागायला विसरू नका: x = 6/3 = 2 आणि 4/3. दुसऱ्यात 2 × 9 = 18, फोड −6 आणि −3, 2 ने भागून y = 3 आणि 3/2. न भागता 6, 4 आणि 6, 3 धरून बसलात तर पुढची तुलनाच खोटी. आता x = 2 घ्या: 3/2 पेक्षा मोठा, पण 3 पेक्षा लहान. एकाच x ने दोन्हीकडे बोट दाखवलं, म्हणजे विषय संपला, 4/3 तपासायची गरजच नाही. उत्तर (५).

४. वर्ग दिला असेल तर मुळं दोन: x = 12, −12. मुळाचं चिन्ह दिलं असेल तर किंमत एकच, ती धन: y = 12. म्हणून x ≤ y, उत्तर (४). दोन ओळींचा प्रश्न म्हणून घाई करू नका. यात गणित कमी आणि सापळा जास्त.

५. इथे फोड करायचीच नाही. दोन्ही समीकरणांत वर्गाचं पद धन आणि शेवटचं पद उणे आहे. मुळांचा गुणाकार उणे, म्हणजे प्रत्येकाचं एक मूळ धन आणि एक ऋण. x चं धन मूळ y च्या ऋण मुळापेक्षा मोठं असणारच, आणि x चं ऋण मूळ y च्या धन मुळापेक्षा लहान असणारच. आकडे कोणतेही असोत, उत्तर (५). ज्याला पटत नाही त्याने x = 9, −3 आणि y = 3, −5 काढून पाहावं. पण हे दोन्ही समीकरणांत शेवटचं पद उणे असेल तेव्हाच. एकातच असेल तर निमूटपणे सोडवा.

६. 2 × 35 = 70, फोड 10 आणि 7, 2 ने भागून चिन्ह बदला: x = −5, −7/2. दुसऱ्यात 3 × 8 = 24, फोड 6 आणि 4, 3 ने भागून y = −2, −4/3. x मधलं मोठं मूळ −3.5, y मधलं लहान मूळ −2. उत्तर (३).

पुढच्या रविवारसाठी घरून करून आणा: x² − 9x + 20 = 0 आणि y² + 9y + 20 = 0. एकही मूळ न काढता उत्तर सांगायचं, आणि (१) का, ते फळ्यावर येऊन एका वाक्यात पटवून द्यायचं.