गुलाबी बोंडअळी : गावात सांगायचा निरोप

कृषी सख्या आणि गावमित्रांसाठी, १० सप्टेंबर

काल वरून आलेला सल्ला असा होता :

“सद्यःस्थितीत कपाशी पीक फुलोरा ते बोंड धारणेच्या अवस्थेत असून, गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणाकरिता हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. प्रादुर्भावाने आर्थिक नुकसानीची पातळी (सलग ३ रात्री प्रति सापळा ८ पतंग, अथवा १० टक्के डोमकळ्या, अथवा १० टक्के प्रादुर्भावग्रस्त हिरवी बोंडे) गाठल्यास इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी ४ ग्रॅम प्रति १० लिटर पाणी याप्रमाणे फवारणी करावी. पातळीखाली प्रादुर्भाव असल्यास ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी.”

यात चूक काही नाही. पण हे पारावर वाचून दाखवलं, तर लोकांच्या कानात एकच गोष्ट राहते : औषधाचं नाव. तेवढं घेऊन माणूस दुकानात जातो. म्हणून क्रम बदललाय. आधी पाहायचं, मग मोजायचं, औषध सगळ्यात शेवटी. खालचं तसंच्या तसं सांगा, बोली तुमच्या गावची वापरा.

वावरात उभं राहून सांगायचं

“भाऊ, पऱ्हाटी बाहेरून हिरवीगार दिसते म्हणून खुशीत राहू नका. ही अळी बारीक असतानाच बोंडात शिरते आणि तिचं भोक मागून बुजून जातं. बाहेरून बोंड एकदम चांगलं दिसतं. वेचणीच्या वेळी कळतं की आत सरकी खाल्ली, कापूस पिवळा पडला, बोंड अर्धंच फुटलं. तेव्हा फवारून काही हाती लागत नाही. आत गेलेल्या अळीपर्यंत औषध पोचतच नाही.

म्हणून आज तीन गोष्टी पाहू.

पहिलं, सापळा. एकरी दोन. पिकाच्या शेंड्याच्या थोडा वर टांगा, पीक वाढलं की सापळाही वर घ्या. सकाळी पिशवीतले पतंग मोजा आणि काढून टाका, नाहीतर उद्या कालचेच पुन्हा मोजाल. एका सापळ्यात एका रात्री आठ, आणि असं लागोपाठ तीन रात्री झालं, तर फवारणीची वेळ आली. एकाच रात्री बारा सापडले म्हणून पळत सुटू नका.

दुसरं, फूल. चांगलं फूल मोकळं उमलतं. अळी आत असली की पाकळ्या एकमेकींना चिकटतात, पीळ पडतो, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. हीच डोमकळी. उघडून पाहा, आत अळी दिसेल. दिसली की तोडा, पण धुऱ्यावर फेकू नका. पिशवीत भरा आणि जाळा किंवा खोल पुरा. वावरभर फिरून शंभर फुलं पाहा, त्यात दहा डोमकळ्या निघाल्या तर फवारणी.

तिसरं, बोंड. हे लोकांना जड जातं, कारण बोंड तोडायचं म्हणजे जीव तुटतो. तरी एकरातून वीस हिरवी बोंडं तोडा. एकाच तासातली नको, चारही कोपऱ्यांतून आणि मधून. फार कोवळी नको, फार जून नको. तिथंच दगडावर ठेचून पाहा. वीसपैकी दोन बोंडांत अळी किंवा तिनं खाल्लेलं दिसलं, तर फवारणी.

या तिन्हीपैकी एक जरी भरलं तरी पुरे. एकही भरलं नसेल तर निंबोळी अर्क मारा आणि चार दिवसांनी पुन्हा पाहा.”

तुम्ही स्वतः वीस बोंडं त्यांच्यासमोर फोडा. याला पर्याय नाही. अळी डोळ्यांनी दिसली की पुढचं बोलणं सोपं होतं, आणि नाही दिसली तर एका फवारणीचा खर्च वाचतो. दोन्हीकडून आपलंच ऐकलं जातं.

निंबोळी अर्क विचारला तर

“पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटा, रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवा. सकाळी फडक्यातून नीट गाळा, नाहीतर नोझल तुंबेल. त्यात लिटरभर पाण्यात विरघळवलेली दोनशे ग्रॅम साबणाची पूड घाला आणि सगळं मिळून शंभर लिटर करा. हे तयार झालं, पंपात पुन्हा पाणी टाकायचं नाही. शंभर लिटर अर्ध्या एकराला होतं. संध्याकाळी मारा, केलं त्याच दिवशी संपवा.”

औषधाचं माप

वरच्या सल्ल्यात दहा लिटरचा हिशेब आहे आणि गावात पंप पंधराचे नाहीतर वीसचे. तो गुणाकार शेतकऱ्यावर सोडू नका.

“पंधरा लिटरच्या पंपाला सहा ग्रॅम. वीसच्या पंपाला आठ ग्रॅम. एकराला दोनशे लिटर पाणी लागतं, म्हणजे पंधराचे तेरा-चौदा पंप आणि औषध एकूण ऐंशी ग्रॅम. सात पंपांत एकर उरकला, तर अर्धी पऱ्हाटी कोरडीच राहिली. झाकणानं अंदाजे टाकू नका, मापाचा चमचा मागून घ्या. आणि यात दुसरं औषध, टॉनिक, खत काहीही मिसळू नका. दुकानदार म्हणाला तरी नको.”

पेट्रोलपंप असेल तर हे माप सांगू नका. त्यात पाणी कमी लागतं, हिशेब वेगळा पडतो. मला फोन करा.

मजुरांना वेगळं सांगायचं

मालकाला सांगितलं की मजुराला कळलं, असं धरू नका. पंप त्याच्या पाठीवर असतो. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. गावात कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही, तरी सवयी त्याच आहेत.

“दादा, उपाशीपोटी पंप उचलू नको. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. वारं पाठीकडून आलं पाहिजे, तोंडावर नाही. पऱ्हाटी डोक्याएवढी झाली असेल तर जास्त जप, कारण औषध तोंडावरच येतं. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नको, काडीनं किंवा बारीक ब्रशनं साफ कर. फवारणी चालू असताना खर्रा नाही, बिडी नाही. त्याच हातानं खर्रा घोटला की विष सरळ पोटात.

काकू, तुम्ही पाणी वाहून देता, ड्रममध्ये औषध ढवळता. हात नका घालू, काठीनं ढवळा. पायात चप्पल नाही, गमबूट हवेत. घरी गेल्यावर आधी साबणानं आंघोळ, मग लेकराला जवळ घ्या. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका.

डोळ्यांपुढं धूसर झालं, गरगरलं, मळमळलं तर ‘उन्हानं झालं असेल’ म्हणत बसू नका. काम सोडा, अंगावरचे कपडे काढा, अंग धुवा, १०८ ला फोन लावा. आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या, डॉक्टरला नाव वाचता आलं पाहिजे.”

हमखास येणारे प्रश्न

“आमचं बियाणं तर बीटी आहे, मग अळी कशी?” सांगा : “बीटीला ही गुलाबी अळी आता सरावली आहे. बाकीच्या काही अळ्यांना ते अजून चालतं, हिला भरवशाचं राहिलं नाही.”

“शेजारी फवारतोय, आपण पण मारून टाकू?” सांगा : “त्याच्या वावरात काय निघालं ते त्याला ठाऊक. चला, आपली वीस बोंडं फोडू.”

“फवारल्यावर वेचणी कधी?” सांगा : “दहा दिवस थांबा.”

फरदडीचा विषय आता काढू नका, डिसेंबरात त्यासाठी वेगळी फेरी आहे. शनिवारपर्यंत प्रत्येक गावातून मला तीनच आकडे पाठवा : सापळ्यातले पतंग, शंभरातल्या डोमकळ्या, विसातली किडकी बोंडं. सोबत शेतकऱ्याचं नाव नको, फक्त गाव आणि पेरणीची तारीख.