ऑफिसमध्ये एआय टूल्स वापरण्याबद्दल पॉलिसी (आर्टिकल, पेड स्टाफ, पार्टनर सगळ्यांसाठी, 1 जूनपासून लागू)

हे वकिली भाषेत लिहिलं असतं तर कोणी वाचलं नसतं, लीव्ह पॉलिसीचं काय झालं आपण बघितलंय, म्हणून बोलतो तसंच टाईप केलंय. पण आहे ही पॉलिसीच.

वापरायचं की नाही हा प्रश्न आता राहिलेला नाही. निम्मं ऑफिस आधीपासून वापरतंय, फक्त केबिनचं दार उघडलं की टॅब बंद होतो. तो लपंडाव थांबवा. उघडपणे वापरा, पण खाली लिहिलंय तसं.

कुठलं टूल

क्लायंटच्या कामासाठी फक्त ऑफिसने घेतलेला पेड अकाउंट, लॉगिन आयटी बघणाऱ्या दादांकडून घ्या. त्या अकाउंटमध्ये टाकलेलं मॉडेल शिकवायला वापरणार नाही असं करारात आहे, तुमच्या पर्सनल जीमेलवर उघडलेल्या फुकट अकाउंटबद्दल तशी खात्री कोणी दिलेली नाही. पर्सनल अकाउंटवर क्लायंटचं काहीही नाही, घरून काम करतानाही नाही, 30 जुलैच्या रात्री सर्व्हर लटकला असला तरीही नाही. पीडीएफची समरी देणारी ब्राउझर एक्स्टेन्शन, व्हॉट्सॲपमधला एआय, मीटिंगमध्ये आपोआप घुसून नोट्स काढणारे बॉट हे सगळं यातच आलं. क्लायंटच्या कॉलमध्ये असा बॉट दिसला तर आधी बाहेर काढा, मग बोला.

काय टाकायचं नाही

पेड अकाउंट आहे म्हणून सगळं ओतायचं असं नाही. नाव, पॅन, आधार, बँक खातं, मोबाईल, पोर्टलचे पासवर्ड, ओटीपी, फॉर्म 16, 26एएस, एआयएस, पगारपत्रक, टॅलीचा डेटा, सही न झालेली बॅलन्स शीट यातलं काहीही जसंच्या तसं कुठल्याच टूलमध्ये जाणार नाही. स्क्रीनशॉट पण नाही, फोटो पण नाही.

आता मास्किंगबद्दल जरा नीट वाचा, इथेच सगळे चुकतात. मार्चमध्ये एका नोटीसचा ड्राफ्ट माझ्याकडे आला, पॅन व्यवस्थित काळा केलेला, पार्टीचं नाव काढून "एबीसी ट्रेडर्स" केलेलं, मला बरं वाटलं, आणि खाली जीएसटी नंबर पूर्ण 15 अक्षरांचा तसाच. जीएसटी नंबरमध्ये पहिले दोन आकडे राज्याचे, आपले 27, आणि त्यापुढची 10 अक्षरं म्हणजे पॅनच असतो की! शिवाय तो नंबर पोर्टलवर टाकला की कोणालाही पार्टीचं नाव दिसतं. म्हणजे पुढचं दार बंद करून मागचं सताड उघडं. तसंच एक्सेल, फाईलचं नाव पार्टीच्या नावाने असतं, शीटच्या टॅबवर असतं, लेजरच्या नॅरेशनमध्ये मालकाच्या बायकोचं नाव असतं. म्हणून फाईल अपलोड करूच नका. जो प्रश्न आहे तेवढाच हाताने टाईप करा, "होलसेल कापड व्यापारी, 2025-26 चं बिल, सप्लायरने जीएसटीआर-1 उशिरा भरला, आयटीसीचं काय" एवढं पुरतं. आकडे बदलून टाका, गावाचं नाव काढा, तालुक्यात एकच साखर कारखाना असेल तर "साखर कारखाना" एवढं लिहिणं म्हणजे नाव लिहिल्यासारखंच आहे.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये. क्लायंटची माहिती त्याच्या परवानगीशिवाय बाहेर देणं हा 1949 च्या सीए कायद्याच्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये मिसकंडक्ट आहे, तिथे मेंबर म्हणून पार्टनर अडकतो. आणि 2023 च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात डेटा नीट न सांभाळण्याचा कमाल दंड 250 कोटी आहे. आपल्याला तेवढा लागणार नाही, पण त्याच्या हजाराव्या भागात पण आपलं शटर खाली येईल.

तपासणी

टूल जे देतं तो कच्चा ड्राफ्ट आहे, पहिल्या वर्षाच्या आर्टिकलने आणून दिल्यासारखा, फरक एवढाच की आर्टिकलला येत नसेल तर तोंड पडतं, हे टूल मात्र चुकीचं पण छातीठोक सांगतं.

सेक्शन, नोटिफिकेशन, तारीख, रेट, केस लॉ यातली प्रत्येक गोष्ट मूळ जागी उघडून बघायची. मूळ जागा म्हणजे बेअर ॲक्ट, डिपार्टमेंटची साईट किंवा कोर्टाची साईट. दुसऱ्या टूलला विचारून खात्री केली हे चालणार नाही. दोन उदाहरणं आपल्याच टेबलावरची. एका ड्राफ्टमध्ये आयटीसी घ्यायची मुदत "सप्टेंबरच्या रिटर्नच्या ड्यू डेटपर्यंत" अशी आली, ती जुनी, 2022 च्या फायनान्स ॲक्टने बदलली, आता पुढच्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा ॲन्युअल रिटर्न भरेपर्यंत, जे आधी होईल ते. दुसरं म्हणजे 1 एप्रिल 2026 पासून इन्कम टॅक्सचा 2025 चा नवा कायदा लागू झालाय, टूल मात्र अधूनमधून 1961 चेच सेक्शन नंबर ठोकून देतं, आणि जुन्या वर्षांच्या केसेसना अजून जुनाच कायदा लागतो, त्यामुळे कुठलं वर्ष ते आधी बघा, मग सेक्शन.

केस लॉबद्दल तर शून्य सवलत. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली वकिलांनी चॅटजीपीटीने बनवलेले खोटे निकाल कोर्टात दिले आणि 5000 डॉलर दंड भरला, ते लांबचं झालं. गेल्या वर्षी आपल्याकडे एएसएमटी-10 च्या उत्तरात हायकोर्टाचा एक निकाल आला होता, पार्टीचं नाव, वर्ष, पॅरा नंबर सगळं, भाषा पण अगदी कोर्टाची. फाईल करायच्या आदल्या संध्याकाळी शोधला तर असा निकाल नाहीच. रात्री साडेदहापर्यंत बसून उत्तर परत लिहिलं, चहावाला पण घरी गेला होता. तेव्हापासून नियम: निकालाची पूर्ण पीडीएफ फाईलला लावलेली नसेल तर तो निकाल ड्राफ्टमध्ये नाही.

बेरीज, व्याज, टीडीएस हे एक्सेलमध्येच. ऑडिट रिपोर्टचं मत आणि ज्यावर यूडीआयएन पडतो ते कुठलंही सर्टिफिकेट, यात एआयचं एक वाक्य पण नको.

सांगायचं कधी, कोणाला

आत: एआय वापरून केलेल्या ड्राफ्टच्या फाईलनावात शेवटी `_AI` लावा आणि वर्किंग पेपरमध्ये दोन ओळी लिहा, काय विचारलं आणि काय कुठे तपासलं. ईमेलचं इंग्रजी सुधारलं, एक्सेलचा फॉर्म्युला विचारला, एवढ्यासाठी नको, नाहीतर दिवसभर तेच लिहीत बसाल.

बाहेर: नव्या एंगेजमेंट लेटरमध्ये ही ओळ जाईल, "मसुदा तयार करताना आम्ही एआय टूलची मदत घेऊ शकतो, आपली ओळख पटेल अशी माहिती त्यात टाकली जात नाही आणि प्रत्येक मसुदा आमच्या पार्टनरने तपासलेला असतो. आपली हरकत असल्यास लेखी कळवावे." हरकत आली की मास्टर शीटमध्ये त्या क्लायंटसमोर लाल खूण, मग त्याचं काम जुन्या पद्धतीने. क्लायंटने फोनवर सरळ विचारलं की "हे एआयने लिहिलंय का?", तर खरं सांगा, टाळाटाळ नको.

चुकून गेलंच तर

चुकीचं काही पेस्ट झालं तर चॅट डिलीट करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा आणि त्याच दिवशी माझ्याकडे या. स्वतःहून सांगितलं तर पहिल्या वेळी फक्त बोलणं होईल. लपवलं आणि नंतर सापडलं तर आर्टिकल असो की दहा वर्षांचा स्टाफ, क्लायंटच्या फाईलींचा ॲक्सेस बंद, पुढचं पार्टनर मिळून ठरवतील. क्लायंटला कळवायचं काम आमचं, तुम्ही परस्पर फोन करू नका.

रिसेप्शनवर प्रिंट ठेवलीय, शुक्रवारपर्यंत सही करा. शंका असेल तर सोमवारी साडेदहाला कॉन्फरन्स रूममध्ये बसू, आपापले खरे ड्राफ्ट घेऊन या, नावं काढून.