फुटलेल्या मोबाइल स्क्रीनचा दावा: बिल आणि दुरुस्तीचा अंदाज सोबत

नाशिक, 11 सप्टेंबर 2025

प्रति,
दावा विभाग,
गॅजेट संरक्षण योजना

विषय: दावा क्र. GP-0925-11843, सॅमसंग गॅलेक्सी A35 5G (8 जीबी / 256 जीबी), स्क्रीन अपघाताने फुटल्याबाबत

महोदय,

मंगळवार, 9 सप्टेंबरला सकाळी 8.40 च्या सुमारास जिना उतरताना फोन हातातून निसटला आणि शहाबादी पायरीच्या कडेवर स्क्रीनच्या बाजूने आपटला. त्याच दिवशी 11.15 वाजता आपल्या हेल्पलाइनवर खबर दिली. योजनेत खबर देण्याची मुदत 48 तासांची आहे. वरील दावा क्रमांक त्याच फोनवर मिळाला.

मार बसला आहे खालच्या डाव्या कोपऱ्याला. तिथून काचेला वरपर्यंत तडे गेले आहेत. नुसती काच गेली असती तर फोन वापरता आला असता, पण आतल्या अ‍ॅमोलेड पॅनेललाही तडा गेला आहे. कोपऱ्यात जांभळट काळा डाग आहे आणि तो रोज थोडा पसरतो आहे. स्क्रीनच्या खालच्या एक तृतीयांश भागाला टच नाही. पाहणीच्या दिवसापर्यंत स्क्रीन पूर्ण काळी झाली, तर आजचा व्हिडिओच ग्राह्य धरावा.

हा व्हिडिओ ओटीजी केबलला माउस जोडून काढला आहे, कारण डायल पॅडचे आकडे नेमके मेलेल्या भागात येतात. त्यात *#06# नंतर दिसणारे दोन्ही आयएमईआय वाचता येतात. माउसनेच बॅकअप घेतला आणि स्क्रीन लॉक काढला, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला चाचणीसाठी अडचण येणार नाही.

कागदपत्रांत दोन ठिकाणी तफावत वाटेल, म्हणून आधीच लिहिते.

दुकानाच्या बिलावर आयएमईआय 1 आहे (शेवटचे अंक 4417), तर आपल्या योजना प्रमाणपत्रावर आयएमईआय 2 (शेवटचे अंक 4425). फोन दोन सिमचा आहे. खोक्यावरच्या स्टिकरवर दोन्ही क्रमांक एकाखाली एक आहेत, त्याचा फोटो जोडला आहे.

दुसरी तफावत रकमेची. 18 जानेवारी 2025 चे बिल क्र. 2417 एकूण 30,999 रुपयांचे आहे: करपात्र किंमत 26,270.34 आणि 18 टक्के जीएसटी 4,728.66. कार्डाची पावती मात्र 27,499 रुपयांची आहे. उरलेले 3,500 रुपये जुन्या फोनच्या बदल्यात वळते झाले. ती सवलत नव्हे. विमा रक्कमही प्रमाणपत्रावर 30,999 रुपयेच आहे.

अधिकृत सर्व्हिस सेंटरचा 10 सप्टेंबरचा अंदाज असा:

डिस्प्ले असेंब्ली, फ्रेमसह: 7,620
मागच्या काचेची चिकटपट्टी: 180
मजुरी: 550
जीएसटी 18 टक्के: 1,503
एकूण: 9,853 रुपये

कंपनीकडून पॅनेल फ्रेमला चिकटवलेलेच येते, सुटी काच मिळत नाही. म्हणून पहिला आकडा मोठा आहे. बाहेर सुटी काच बसवून देणारे आहेत, पण त्याने डाग जात नाही आणि कंपनीची वॉरंटीही धोक्यात येते. मागच्या काचेवर एक चरा आहे. सेंटरने तिची किंमत वेगळी लिहून दिली होती, पण काच फुटलेली नाही, म्हणून ती या दाव्यात धरलेली नाही. तपासणीचे 295 रुपये भरले आहेत, ते अंतिम बिलात वळते होतील.

जॉबशीटवर सेंटरने लिहिले आहे की सिम ट्रेच्या आतली ओल दाखवणारी पट्टी पांढरीच आहे. म्हणजे पाण्याचा प्रश्न नाही. खर्च विमा रकमेच्या एक तृतीयांशाहून कमी असल्याने फोन निकाली काढण्याचाही प्रश्न नाही.

आपल्या नियमाप्रमाणे ग्राहकाने सोसायचा वाटा दाव्याच्या 5 टक्के किंवा 500 रुपये, यांतला जो जास्त तो. 5 टक्के 492.65 होतात, म्हणून 500 वजा करून 9,353 रुपये मंजूर व्हावेत. योजना वर्षभराच्या आतली आहे, त्यामुळे अटींनुसार सुट्या भागांवर घसारा लागू होत नाही.

फोन माझ्याकडेच आहे आणि लेखी मंजुरी येईपर्यंत दुरुस्तीला देणार नाही. अंदाज 25 सप्टेंबरपर्यंतच वैध आहे आणि पॅनेल मागवायला सेंटरला चार-पाच कामकाजाचे दिवस लागतात. तेव्हा मंजुरी 18 तारखेपर्यंत मिळावी आणि शक्य असल्यास रक्कम थेट सेंटरला द्यावी. तसे नसेल तर मी बिल भरून, प्रमाणपत्रावरील खात्यात परतावा घेईन. काढलेला जुना डिस्प्ले आपल्याला हवा असल्यास मंजुरीतच कळवावे, नाहीतर सेंटर तो स्वतःकडे ठेवते.

सोबत: सही केलेला दावा अर्ज, खरेदीचे बिल, कार्डाची पावती, योजना प्रमाणपत्र, अंदाज व जॉबशीट, खोक्यावरील स्टिकरचा फोटो, फोनचे पुढून, मागून आणि कोपऱ्याचे मिळून पाच फोटो, व्हिडिओ, रद्द केलेला चेक.

आपली,
अनघा मोहन वैद्य
(बिल व योजना दोन्ही याच नावाने)

संपर्क नोंदणीकृत ईमेलवर करावा. सिम सध्या दुसऱ्या हँडसेटमध्ये आहे, त्यामुळे ओटीपी येतो.