उत्तर: दावा अर्ज पोर्टल – सेशन किती वेळाने बंद व्हावं

प्रति: अनघा मॅडम (माहिती सुरक्षा), विनायक सर (ग्राहक सेवा)
प्रत: दीपा मॅडम (प्रकल्प समिती), समीर (डेव्हलपमेंट)

नमस्कार अनघा मॅडम, नमस्कार विनायक सर,

(नावं वर्णक्रमाने घेतली आहेत, त्यात आणखी काही शोधू नये.)

सोमवारपासूनचे चौदाही मेल आज सकाळी पुन्हा पहिल्यापासून वाचले. तुम्ही दोघांनीही मला वेगळा मेसेज करून "तुझं काय मत?" असं विचारलं होतं. दोघांना दोन ठिकाणी उत्तर देण्याऐवजी एकदाच इथे लिहिते. उद्या कुणाचं खातं भलत्याच्या हाती पडलं, तर जाब अनघा मॅडमना द्यावा लागेल. कुणाचा अर्धा भरलेला अर्ज उडाला, तर फोनवर विनायक सरांची माणसं ऐकून घेतील. मला यातलं काहीच सोसायचं नाही. त्यामुळे माझ्या मताचं वजन एका पारड्यात पडावं, हे बरोबर नाही. प्रश्न नीट मांडून योग्य टेबलावर पोचवणं माझ्याकडे आहे, ते करते.

आधी मला काय कळलं ते लिहिते. चुकलं असेल तर याच मेलला उत्तर देऊन दुरुस्त करा.

अनघा मॅडमचं म्हणणं: पोर्टल १५ मिनिटं वापराविना राहिलं की सेशन बंद व्हावं आणि परत येताना पासवर्ड व ओटीपी दोन्ही लागावेत. कारण अर्जात बँक खातं आणि वैद्यकीय कागदपत्रं असतात, आणि बरेच लोक अर्ज दुसऱ्याच्या किंवा सामायिक संगणकावरून भरतात.

विनायक सरांचं म्हणणं: एकदा लॉगिन केलं की ८ तास सेशन चालू राहावं. कारण लोकांना बिलं शोधायची, फोटो काढायचे, घरातल्या कुणाला तरी विचारायचं असतं. तेवढ्यात पोर्टल बाहेर काढतं आणि भरलेलं सगळं जातं. यातले बरेच लोक आधीच आजारपणातून किंवा दुःखातून जात असतात. हा शेवटचा मुद्दा सरांनी मंगळवारच्या मेलमध्ये फार नेमका लिहिला होता, पण पुढच्या गदारोळात तो मागे पडला. अनघा मॅडमचा सामायिक संगणकाचा मुद्दाही तसाच मागे पडला, म्हणून दोन्ही इथे वर आणले.

आता दाखल्यांबद्दल. साखळीत दोन मानकांचा आधार दिला गेला आहे. मी दोन्ही मूळ मजकुरातून पाहिली.

पीसीआय डीएसएसमधली १५ मिनिटांची अट खरी आहे. आवृत्ती ४.० मध्ये ती ८.२.८ या क्रमांकाने येते. मात्र आठव्या विभागाच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे की या अटी ग्राहकांच्या, म्हणजे कार्डधारकांच्या, स्वतःच्या खात्यांना लागू नाहीत. आपल्या कर्मचाऱ्यांच्या लॉगिनचा विचार वेगळा करावा लागेल. अर्ज भरणारा ग्राहक यात कुठे बसतो, हे अनघा मॅडमनी तपासून सांगावं.

डब्ल्यूसीएजीचा २.२.१ हा निकषही खरा आहे आणि तो सर्वांत खालच्या, म्हणजे 'ए' पातळीवरचा आहे. पण तो सेशन बंद करायला मनाई करत नाही. मर्यादा बंद करण्याची, बदलण्याची किंवा वाढवून घेण्याची सोय द्या, असं तो म्हणतो. वाढवून द्यायची असेल तर आधी इशारा हवा, एखादं बटण दाबण्याइतक्या सोप्या कृतीसाठी निदान २० सेकंद हवेत आणि असं निदान दहा वेळा करता यायला हवं. काही अपवादही आहेत. म्हणजे ८ तासांचा आकडा या निकषातून निघत नाही. सरांना दुसरा एखादा निकष अभिप्रेत असेल तर क्रमांक कळवावा.

थोडक्यात, १५ काय किंवा ८ तास काय, कुठलाच आकडा या दोन दाखल्यांवर आपोआप सिद्ध होत नाही. म्हणून दोन्ही मागण्या चुकीच्या ठरतात असंही नाही. कारणं तुमच्या मेलमध्ये आहेतच आणि ती दाखल्यांशिवायही उभी राहतात.

काल संध्याकाळी मी चाचणी सर्व्हरवर स्वतः अर्ज भरून पाहिला. दोनदा भरला, एकदा अनघा मॅडमच्या आकड्याने आणि एकदा विनायक सरांच्या. दोन्ही वेळा जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिते.

१५ मिनिटांवर: तिसऱ्या पानावर, म्हणजे रुग्णालयाची बिलं एकेक करून टाकायच्या पानावर, हात कीबोर्डवर असतानाच मी बाहेर फेकले गेले. उठले नव्हते, चहालाही गेले नव्हते. समीरला विचारल्यावर कारण कळलं. 'पुढे' हे बटण दाबेपर्यंत सर्व्हरला काहीच कळवलं जात नाही. माणूस टाइप करत असला तरी सर्व्हरच्या लेखी तो झोपलेला असतो. पुन्हा लॉगिन केल्यावर तिसरं पान कोरं होतं.

८ तासांवर: मी खुर्चीवरून उठले आणि पाऊण तासाने शेजारच्या सहकाऱ्याला माझा माउस हलवायला सांगितलं. दोन क्लिकमध्ये तिच्यासमोर बँक खात्याचं पान उघडलं. क्रमांक पूर्ण दिसत होता.

म्हणजे तुम्ही दोघं ज्याला घाबरताय ते दोन्ही खरं आहे. माझ्याकडून पुरावा हवा असेल तर एवढाच देऊ शकते.

यातून मला एक गोष्ट जाणवली. चौदा मेलमध्ये 'सेशन' हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी आला आहे. माणूस किती वेळ काही करत नाही, हे एक. लॉगिन केल्यापासून एकूण किती वेळ गेला, हे दुसरं. आणि भरलेली माहिती किती दिवस टिकते, हे तिसरं. आजच्या पोर्टलमध्ये तिन्ही एकाच आकड्याला बांधलेली आहेत, म्हणून तो आकडा खाली ओढला की एकाचं जातं आणि वर ओढला की दुसऱ्याचं. समीर म्हणतो, ती सोडवता येतात. प्रत्येक रकाना भरला की मसुदा सर्व्हरवर जमा होईल, टाइप करणं 'वापर' म्हणून मोजलं जाईल, सेशन संपायच्या दोन मिनिटं आधी इशारा येईल आणि पुन्हा लॉगिन केल्यावर अर्ज होता तिथूनच उघडेल. त्याचा अंदाज चार कामाचे दिवस असा आहे.

हा तोडगा म्हणून मांडत नाहीये. यातही तुमच्यापैकी प्रत्येकाला अडेल असं काहीतरी आहे, ते आधीच सांगते.

अनघा मॅडम, मसुदा सर्व्हरवर ठेवायचा म्हणजे अर्ज दाखल न केलेल्या माणसाची वैद्यकीय माहितीही आपल्याकडे साठणार. ती किती दिवस ठेवायची, कोण पाहू शकेल आणि कशी पुसायची, हे तुमच्याकडून लागेल. असा मसुदा ठेवणंच मान्य नसेल तर तेही स्पष्ट सांगा. मग हा रस्ता इथेच बंद होतो आणि मी समीरला थांबवते.

विनायक सर, मसुदा परत उघडताना खातं क्रमांक झाकलेला दिसेल, कदाचित पुन्हा भरावा लागेल. शिवाय परत यायला लॉगिन लागणारच, ते कितीही मिनिटांनी का असेना. यावर तुमच्या लोकांना फोन येतील का आणि ते तुम्हाला चालेल का, हे तुम्हीच सांगू शकता.

हे दोन्हीकडून मान्य झालं तरी दोन मतभेद उरतीलच: मिनिटांचा आकडा, आणि परत येताना फक्त पासवर्ड की ओटीपीसुद्धा. ते मेलवर सुटतील असं मला वाटत नाही. पंधराव्या मेलने सुटायचे असते तर पाचव्यानेच सुटले असते. प्रकल्पाच्या सुरुवातीला आपणच ठरवलं होतं की दोन विभागांचं एकमत झालं नाही तर विषय समितीकडे जाईल. त्यामुळे हे दोन मुद्दे दीपा मॅडमसमोर ठेवते.

त्यासाठी एक पानाची टिपण तयार करतेय. वरचा भाग, म्हणजे चाचणीत काय दिसलं, तो माझा. खालच्या भागात डावीकडे अनघा मॅडम आणि उजवीकडे विनायक सर. दोघांनी प्रत्येकी दीडशे शब्दांपर्यंत, आपल्याच शब्दांत लिहावं: काय हवं, का हवं आणि ते मिळालं नाही तर नेमकं काय होईल. मी त्यात काना-मात्राही बदलणार नाही. उद्या, गुरुवारी, दुपारी ३ पर्यंत पाठवलंत तर शुक्रवारी सकाळी ११ च्या बैठकीत विषय घेता येईल. एकाचाच मजकूर आला तर टिपण पुढे पाठवणार नाही, विषय पुढच्या शुक्रवारवर जाईल.

तोपर्यंत आज जे आहे ते तसंच राहील:

```
SESSION_IDLE_MINUTES=30
```

हा ३० चा आकडा गेल्या आवृत्तीपासून आहे. तो मधला म्हणून निवडलेला नाही आणि निर्णय म्हणूनही कुणी वाचू नये. शुक्रवारी समिती १५ म्हणाली तर १५ होईल, ८ तास म्हणाली तर ८ तास.

एक विनंती आहे, जरा मोकळेपणाने करते. मंगळवारी दुपारी समीरला तासाभरात दोन मेसेज गेले. एकात "आजच १५ कर" होतं, दुसऱ्यात "आजच ८ तास कर". तो अडकित्त्यातल्या सुपारीसारखा झाला होता. त्याने दोन्हीपैकी काहीच केलं नाही आणि मला फोन केला. ते मला योग्यच वाटलं. या विषयावरचा कुठलाही बदल आता माझ्यामार्फतच सांगावा. मीही समितीच्या लेखी निर्णयाशिवाय त्याला काही सांगणार नाही.

समीर, मसुदा जमा करण्याचं काम अनघा मॅडमचा होकार येईपर्यंत सुरू करू नकोस. टाइप करणं 'वापर' म्हणून मोजण्याचा बदल मात्र आकडा कुठलाही ठरला तरी लागणार आहे. त्याला दोघांपैकी कुणाची हरकत असेल तर आज संध्याकाळी ६ पर्यंत कळवा, नाहीतर तो उद्या चाचणी सर्व्हरवर टाकू.

दीपा मॅडम, आज तुमच्याकडून उत्तर नको आहे. शुक्रवारच्या बैठकीत फक्त १५ मिनिटं राखून ठेवा.

स्नेहल
प्रकल्प समन्वयक

ता. क.: चाचणीत मी माझाच खातं क्रमांक टाकला होता. समीर, तो अर्ज आजच पुसून टाक.